मिक्सर घेताना खोटे रिव्ह्यू कसे पकडायचे

प्रश्न: ऑनलाइन मिक्सर घ्यायचाय, सगळीकडे ५ स्टारच दिसतायत, यातले खरे कुठले आणि पैसे देऊन लिहून घेतलेले कुठले हे कसं कळणार?

उत्तर:

आम्ही मालवणचे, घरात रोज ओल्या खोबऱ्याचं वाटप लागतं. दोन वर्षांपूर्वी ४.४ स्टार बघून ७५० वॅटचा मिक्सर घेतला आणि चौथ्या महिन्यात भांड्याच्या बुशातून पाणी गळून मोटरमध्ये उतरलं. आईला पुन्हा पाट्यावर बसावं लागलं, फार वाईट वाटलं. मग त्याच मिक्सरचे रिव्ह्यू मी नीट बसून परत वाचले.

आधी ते तारखेप्रमाणे लावले. ५ स्टारवाले तीन-चार दिवसांत ढिगाने आलेले, मग महिनाभर सामसूम, मग परत ढीग. आता सेलनंतर खरे रिव्ह्यूपण असेच येतात, म्हणून नुसत्या तारखेवर जाऊ नका, मजकूर बघा. "छान प्रॉडक्ट, पैसा वसूल, डिलिव्हरी फास्ट", यात मिक्सरच्या जागी इस्त्री लिहिली तरी काही बिघडत नाही! अजून खाली गेलो तर जुने रिव्ह्यू चक्क हँड ब्लेंडरचे, फोटोसुद्धा त्याचेच. काही विक्रेते जुन्या लिस्टिंगला नवीन वस्तू जोडतात, मग आधीचे स्टार आयते मिळतात.

'व्हेरिफाइड'वर पण विसंबू नका. त्याचा अर्थ खरेदी झाली एवढाच. टेलिग्रामवर ग्रुप असतात, वस्तू मागवायची, ५ स्टार द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवला की पैसे परत. माझ्या खोक्यातही ५ स्टारच्या बदल्यात कॅशबॅकचं कार्ड होतं. बीआयएस या सरकारी मानक संस्थेने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी IS 19000 हे मानक आणलं खरं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं, त्यामुळे आपलं आपणच तपासायला हवं.

खरी माहिती मला २ आणि ३ स्टारमध्ये मिळाली. रिव्ह्यूच्या सर्चमध्ये coconut, leak, burning smell असं टाकून बघा. दुसरा मिक्सर बघताना एका बाईंनी सहा महिने वापरून लिहिलेलं सापडलं, की ओलं खोबरं लागोपाठ दोनदा फिरवलं की खालचं ओव्हरलोडचं लाल बटण पडतं, थोडं थांबून परत दाबावं लागतं, आवाज खूप आहे पण वाटण गंधासारखं होतं. असं वापरल्याशिवाय कोणाला सुचत नाही, आणि त्यात चांगलं-वाईट दोन्ही आहे. तो मिक्सर घेतला, बटण खरंच पडतं, वाटणही तसंच होतं.

१ स्टारवाले पण चाळून घ्या, "खोकं फाटलेलं आलं" ही कुरिअरची तक्रार, मिक्सरची नाही. पण "दुरुस्तीला कोणी आलंच नाही" असं तीन-चार वेगळ्या गावांहून लिहिलेलं असेल तर ऑर्डरआधी कस्टमर केअरला आपला पिनकोड सांगून माणूस घरी येतो का ते विचारा, आमच्याकडे पहिल्या मिक्सरचं सर्व्हिस सेंटर थेट कोल्हापूरला निघालं होतं.