कंबरेचा टी-स्कोअर उणे १.६, तरी मणके एकेक करून वाचा

प्रश्न: "वय ६२, पाळी जाऊन चौदा वर्षं झाली. आमच्या वस्तीत शिबिर होतं, तिथे टाचेच्या मशीनवर टी-स्कोअर उणे ३.४ निघाला. घाबरून रामदासपेठेत डेक्सा करून घेतला, तर कंबरेचा उणे १.६ आणि खुब्याचा उणे २.१. झेड-स्कोअर वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले. पहिल्या पानावर ऑस्टिओपेनिया लिहिलंय. आतल्या पानावर एल-१ उणे २.८, एल-२ उणे २.६, एल-३ उणे १.२, एल-४ उणे ०.४ असं आहे. यातलं खरं काय धरायचं? औषध लागेल का?"

ताई, आतल्या पानाचे आकडे दिलेत ते फार बरं केलंत. एल-१ ते एल-४ म्हणजे कंबरेचे वरून खाली चार मणके. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या चार आकड्यांत आहे, पहिल्या पानावरच्या शब्दात नाही. मी धंतोलीतल्या एका सेंटरवर बरीच वर्षं डेक्साचं, म्हणजे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजायचं, मशीन चालवलं आहे. असे रिपोर्ट "फार काही नाही, कॅल्शियम घ्या" म्हणून कपाटात जाताना मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टाचेचा आकडा आधी बाजूला ठेवू. शिबिरातलं ते मशीन अल्ट्रासाउंडचं असतं. टाचेच्या हाडातून आवाजाच्या लहरी किती वेगाने जातात आणि किती विरतात, एवढंच ते पाहतं. हाडातलं खनिज ते मोजत नाही. छापील चिठ्ठीवर टी-स्कोअर लिहिलेला असला तरी उणे २.५ ची जी रेषा सगळ्यांना ठाऊक असते, ती त्या आकड्याला लागू होत नाही. टाचेचा आकडा फार खाली आला तर डेक्सा करून घ्यावा, इतकाच त्याचा उपयोग, आणि तो तुम्ही केला आहे. उणे ३.४ आता मनातून काढून टाका.

टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडाची घनता निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपासून किती लांब आहे त्याचं माप. हे अंतर टक्क्यांत मोजत नाहीत, प्रमाणित विचलनात मोजतात, म्हणजे तरुण स्त्रियांमध्येच एकीपासून दुसरीपर्यंत जो स्वाभाविक फरक असतो तो एकक धरून. खुब्याचं उदाहरण घ्या. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी एका प्रचलित बनावटीच्या मशीनमध्ये तरुण स्त्रियांची सरासरी ०.८५८ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर आणि विचलन ०.१२० धरलेलं असतं. एखादीची घनता ०.६०६ आली, तर फरक झाला ०.२५२. त्याला ०.१२० ने भागलं की २.१, म्हणजे टी-स्कोअर उणे २.१. दुसऱ्या बनावटीच्या मशीनमध्ये हे मूळ आकडे वेगळे असतात, म्हणून दोन मशीनचे ग्रॅममधले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ज्या रेषा आखल्या त्या अशा: उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर घनता सामान्य, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये ऑस्टिओपेनिया म्हणजे हाड थोडं विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाड फार विरळ आणि ठिसूळ. पाळी गेलेल्या स्त्रियांना हाच टी-स्कोअर लावायचा. झेड-स्कोअर तुमची तुलना तुमच्याच वयाच्या बायकांशी करतो. बासष्टीला बहुतेकींची हाडं विरळ झालेली असतात, त्यामुळे "वयाच्या मानाने ठीक" याचा अर्थ इतरांइतकीच विरळ असा होतो, मजबूत असा नाही. झेड-स्कोअर उणे २ च्या खाली गेला तर मात्र थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड, स्टेरॉइड असं वयाखेरीज दुसरं कारण शोधावं लागतं. तुमचा तसा दिसत नाही.

आता कंबरेकडे या. उणे १.६ हा चार मणक्यांचा मिळून आकडा आहे. तो काढताना चारही मणक्यांतलं एकूण खनिज त्यांच्या एकूण क्षेत्रफळाने भागतात, आणि खालचे मणके आकाराने मोठे असल्यामुळे एल-३ आणि एल-४ यांचं वजन त्यात जास्त पडतं. तुमचे वरचे दोन मणके उणे २.७ च्या आसपास आहेत आणि खालचे दोन एकदम चांगले. निरोगी कंबरेत शेजारच्या मणक्यांचे टी-स्कोअर एकमेकांच्या जवळ असतात. तुमच्याकडे एल-२ वरून एल-३ वर येताना १.४ ची उडी आहे. शेजारच्या मणक्यापेक्षा १ हून जास्त फरक दिसला तर तो मणका संशयास्पद धरतात, चित्रात पाहून खात्री करतात आणि हिशोबातून वगळतात.

ही उडी का येते? डेक्साचा क्ष-किरण पाठीपासून पोटापर्यंत आरपार जातो आणि वाटेत जेवढं कॅल्शियम लागेल तेवढं सगळं हाडाच्या नावावर जमा होतं. साठीला आलेल्या बहुतेकींच्या कंबरेत झीज असते. मणक्यांच्या कडांना हाड वाढतं, मागचे छोटे सांधे कडक आणि जाड होतात, आणि हा प्रकार भार जास्त असलेल्या खालच्या मणक्यांत अधिक दिसतो. समोरून जाणाऱ्या महारोहिणीच्या, म्हणजे शरीरातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या, भिंतीत कॅल्शियम साचलं असेल तर तेही त्याच सावलीत मोजलं जातं. दबलेला मणकासुद्धा फसवतो, कारण तेवढंच खनिज कमी जागेत आल्यामुळे तो चांगला घट्ट वाटतो. उलट, पाठीचं ऑपरेशन करून मणक्याचा मागचा भाग काढलेला असेल तर तिथला आकडा उगाच खाली येतो. तुमचं तसं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्यामुळे तुमच्या बाबतीत बहुधा असं आहे: एल-३ आणि एल-४ चे आकडे झिजेमुळे फुगलेले, आणि खरं हाड एल-१, एल-२ मध्ये दिसतंय. निदानासाठी किमान दोन मणके लागतात आणि ते तुमच्याकडे आहेत. एल-१ ते एल-२ असा हिशोब लावला तर कंबरेचा टी-स्कोअर उणे २.७ च्या आसपास येईल. कंबर, मांडीच्या हाडाची मान आणि पूर्ण खुबा यांतला जो सगळ्यात खालचा आकडा, त्यावरून निदान ठरतं. म्हणजे ऑस्टिओपेनियाच्या जागी ऑस्टिओपोरोसिस लिहिलं जाईल, आणि औषधाचा विचार तिथूनच वेगळा होतो.

हे मी फक्त आकड्यांवरून म्हणते आहे. पक्कं करायला चित्र पाहावं लागतं, पण त्यासाठी दुसरा डेक्सा करायची आणि पुन्हा पैसे भरायची गरज नाही. तुमचं चित्र मशीनमध्ये साठवलेलं असतं. सेंटरवर जाऊन म्हणा, "एल-३ आणि एल-४ मध्ये झीज दिसते का ते डॉक्टरांना पाहायला सांगा, आणि असेल तर ते वगळून पुन्हा ॲनालिसिस करून द्या." काही मिनिटांचं काम आहे. चित्र तुम्हीही बघा. कणा सरळ आणि मधोमध हवा, मणक्यांमधल्या रेषा त्यांच्या फटींतूनच गेलेल्या हव्यात, आणि कंबरेच्या भागावर साडीची पिन, हूक किंवा चेनची पांढरी खूण नको. खुब्याच्या चित्रात पाय आत वळवलेला हवा. तो नीट वळवला असेल तर मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा जेमतेम दिसतो. तो ठळक बाहेर आला असेल तर पाय नीट बांधला नव्हता, आणि मग मानेचा आकडा भरवशाचा नाही.

सोबत कमरेचा आणि छातीच्या मणक्यांचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे करून घ्या. मणके न दुखताही दबतात, आणि बायका त्याला "वयामुळे पाठ वाकली" म्हणून सोडून देतात. तरुणपणीची उंची आठवत असेल तर आजची भिंतीला टेकून मोजा. चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल तर हा एक्स-रे टाळूच नका. फारसा मार न लागता मणका दबलेला निघाला, तर टी-स्कोअर उणे १.६ असो की उणे २.७, ते ऑस्टिओपोरोसिसच धरतात.

औषध लागेल का, याबद्दल. उणे २.७ नक्की झालं तर डॉक्टर बहुधा औषधाचं बोलतील, आणि ते घेण्यासारखं असतं. पण त्याआधी रक्ताच्या तपासण्या झाल्या पाहिजेत: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, पॅराथायरॉइड हार्मोन. नागपूरचं ऊन एवढं कडक, मग इथे डी कसं कमी पडेल, असं वाटतं. पण त्याच उन्हामुळे आपण सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत दारं-खिडक्या लावून कूलरसमोर असतो आणि बाहेर पडलोच तर तोंडाला दुपट्टा बांधून. माझ्या समोर आलेल्या रिपोर्टांत डी २० नॅनोग्रॅमच्या खाली असणं नेहमीचं होतं. डी फार कमी असेल तर हाडात खनिजच नीट बसत नाही, हाड मऊ राहतं, आणि डेक्सावर त्याचा आकडाही खालीच येतो. विरळ हाड आणि मऊ हाड यांतला फरक मशीनला कळत नाही. मऊ हाडाचा उपचार वेगळा, आधी डी आणि कॅल्शियम भरून काढण्याचा.

दुसरं म्हणजे, डी कमी असताना वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. मूत्रपिंड फार अशक्त असेल तर ते इंजेक्शन चालतच नाही. दात काढायचा राहिला असेल तर तो आधी काढून घ्या आणि जखम भरू द्या. डीची ६०,००० युनिटची पुडी मैत्रिणीच्या सांगण्यावरून महिनोन् महिने घेऊ नका, तपासून घ्या.

पुढचा डेक्सा किती दिवसांनी, ते डॉक्टर ठरवतील. औषध सुरू झाल्यावर साधारण एक-दोन वर्षांनी करतात. तो याच सेंटरवर, याच मशीनवर करा, आणि एल-१ ते एल-२ ची तुलना एल-१ ते एल-२ शीच व्हायला हवी. एकदा चार मणके आणि एकदा दोन असं झालं तर औषध लागू पडलं की नाही ते कळणारच नाही. तेव्हा टी-स्कोअर बघू नका, ग्रॅममधली घनता बघा. त्यातही दोन-तीन टक्क्यांचा फरक मोजमापातल्या चुकीतच मोडतो. पाच टक्क्यांच्या आसपास बदल झाला तरच हाड खरंच बदललं असं म्हणता येतं. तपासणीच्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नका, कारण न विरघळलेली गोळी कमरेच्या चित्रात हाडासारखीच दिसते. त्याच सुमारास बेरियमची किंवा डाय टाकून सीटी स्कॅनची तपासणी झाली असेल तर डेक्सा एक-दोन आठवडे पुढे ढकला.

नवीन ॲनालिसिस हातात आलं की आतलं पान इथे टाका. खुब्याचे दोन्ही आकडे, मानेचा आणि पूर्ण खुब्याचा, वेगवेगळे लिहा. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं का आणि तुम्ही दमा, संधिवात अशा कशासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सलग तीन महिने किंवा जास्त घेतल्या होत्या का, तेही सांगा.