चूल, चाक, चिंच: सरळ दिसणारा नियम

"पलूसजवळ पालं टाकून राहणाऱ्या काही कुटुंबांची घरातली बोली कुणी लिहून ठेवलेली दिसत नाही. तिचे ध्वनी शोधायचेत. स्वदेश यादीतले 100 शब्द विचारले तर पुरतील का?"

पुरणार नाहीत. भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वदेश यांनी ती यादी भाषांची नाती तपासायला केली होती. तिथे अर्थ निवडलेत, ध्वनी नाहीत. पहिल्या बैठकीला ती चालेल, पण खरी यादी त्या बैठकीत जे ऐकाल त्यातूनच तयार होते.

समजा, मराठी अजिबात न येणारा कुणी साताऱ्यात आला आणि त्यानं चूल, चाक, चोर, चिंच, चिमणी, चेंडू हे शब्द गोळा केले. पहिल्या तिघांतला च दातांमागचा, 'त्स'च्या जवळचा. पुढच्या तिघांतला सुरुवातीचा टाळूचा. तो खुशीत लिहून टाकेल: इ, ए च्या आधी टाळूचा, इतरत्र दातांमागचा, म्हणजे ध्वनी एकच. नियम दिसतो सुरेख, आणि आहे चुकीचा. एक ते दहा आकडे विचारले असते तर 'चार' टाळूचा निघाला असता, आणि 'म्हशीला चार' यातला दातांमागचा. आजूबाजूचे आवाज तेच, अर्थ मात्र वेगळे. म्हणजे हे दोन स्वनिम, अर्थ बदलणारे दोन वेगळे ध्वनी. (देवनागरीत दोन्ही एकाच अक्षरानं लिहितो, त्यामुळे आपल्यालाही ते सहसा जाणवत नाही.)

म्हणून पहिले दोनेकशे शब्द आल्यावर तक्ता करा. आडव्या ओळीत व्यंजनं, उभ्या रकान्यात पुढचे स्वर. रिकामे चौकोन दिसतील, दुसरी यादी तिथूनच काढा. नुसती नामं मागू नका. आकडे आणि आज्ञार्थही घ्या, नाहीतर 'चार' कधी हाताला लागणार नाही. 'चष्मा'सारखे उसने शब्द बाजूला ठेवा, त्यांच्यामुळे नियम मोडल्याचा भास होतो.

माझी एक फजिती सांगतो. मी एका बाईंकडून पाच-पाच शब्द सलग म्हणवून घेतले आणि प्रत्येक पाचवा शब्द दीर्घ स्वराचा म्हणून टिपला. बाई फक्त यादी संपवत होत्या, म्हणून शेवटचा शब्द लांबत होता! आता प्रत्येक शब्द एका ठरलेल्या वाक्याच्या मध्ये बसवून घेतो, 'ती ___ म्हणाली' असं, त्यांच्याच बोलीत, तीनदा. स्वतःच्या कानावरही भरवसा नको. इ-ई, उ-ऊ आपण लिहिताना पाळतो, पण बोलताना सहसा त्यावरून अर्थ बदलत नाही. त्यामुळे त्या बोलीतला असा फरक आपल्या हातून निसटू शकतो.

दोन 'चार'सारखी, एकाच ध्वनीनं वेगळी होणारी जोडी सापडली की दोन्ही शब्दांचं ध्वनिमुद्रण उलटसुलट क्रमानं 20 वेळा ऐकवा आणि 'कोणतं?' म्हणून वस्तू दाखवायला सांगा. 18-19 बरोबर आले तर फरक खरा. 10च्या आसपास आले तर तो बहुधा तुमच्याच कानातला. मात्र ज्यांनी शब्द म्हटले त्यांना ऐकवू नका; दुसऱ्या पालातल्या कुणाला तरी बोलवा.