कॅम्पस भरतीत नवख्या पदवीधरांची क्षमता कशी ओळखावी?

प्रश्न : आम्ही पहिल्यांदाच महाविद्यालयांतून थेट भरती करणार आहोत. उमेदवारांना कामाचा काहीच अनुभव नसेल, तर त्यांच्यातली क्षमता ओळखायची कशी?

उत्तर : उमेदवाराला आधीपासून काय येते हे मोजण्यात मी सुरुवातीची काही वर्षे घालवली. आता मुलाखतीतच त्याला एक नवा नियम शिकवतो आणि तो नियम तो कसा वापरतो, हे पाहतो.

गोदामाच्या हिशेबासाठी माणसे निवडताना आम्ही आवक-जावकेच्या चोवीस नोंदींचा एक कागद देतो, ज्यातला शिल्लक साठा प्रत्यक्ष मोजणीशी जुळत नाही. पहिली पंधरा मिनिटे उमेदवार एकटा चूक शोधतो. त्यानंतर ग्राहकाकडून परत आलेला माल कसा नोंदवायचा, याचा आम्हीच ठरवलेला नियम त्याला पाच मिनिटांत समजावून सांगतो आणि दुसरा कागद देतो, ज्यात तो नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. एकदा एका मुलीने पहिला कागद झटपट सोडवला, पण दुसऱ्यावर तिने नियम डोळे झाकून लावला. दुसऱ्या एका मुलाचा पहिला कागद अर्धवटच राहिला होता, मात्र नियम ऐकताच त्याने विचारले, "परत आलेला माल खराब असेल, तर तो साठ्यात धरायचा का?" दुसरा कागद नेमका त्याच प्रश्नावर बेतलेला होता. आम्ही त्या मुलाला घेतले.

गुण देताना दोन्ही परीक्षक आपसांत बोलण्याआधी स्वतंत्रपणे आकडा लिहितात, आणि एक, तीन व पाच गुणांना कसे वर्तन अपेक्षित आहे, हे आधीच लिहून ठेवलेले असते. हे केले नाही, तर सफाईने बोलणारा उमेदवार सगळ्याच बाबतींत वरचढ वाटू लागतो. या चुकीत मी स्वतः अनेकदा सापडलो आहे. शिवाय सकाळचा कागद दुपारपर्यंत वसतिगृहात सर्वांना ठाऊक होतो, म्हणून सारख्याच काठिण्याचे तीन संच जवळ ठेवावेत.

या पद्धतीतून चिकाटी मात्र दिसत नाही. त्यासाठी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल विचारावे, पण "तुम्ही काय केले?" एवढ्यावर थांबू नये, कारण गटाचे काम स्वतःचे म्हणून सांगणे सोपे असते. काय बिघडले, ते कोणाच्या लक्षात आले आणि त्यानंतर कोणता निर्णय बदलला, असे खोदून विचारले की ज्याने काम केले आहे तो बारकाव्यांत शिरतो, तर इतरांची उत्तरे पुन्हा "आम्ही"वर येऊन थांबतात.

वर्षभराने हे गुण प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहावेत. तुलना फक्त निवडलेल्यांचीच होते, त्यामुळे नाकारलेल्यांपैकी कोण चांगले निघाले असते, हे त्यातून कळत नाही. म्हणून निवडीच्या रेषेच्या जरा खाली राहिलेल्या एकदोघांना आम्ही दरवर्षी मुद्दाम घेतो.