नवीन जोडलेला पीसी तापून बंद पडतो: कूलर, पेस्ट की फॅनची वायर?

"म्हापशाहून विचारतोय. पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला. इंटेल आय५ १२४०० आणि त्याच्यासोबत आलेलाच कूलर. बायोसमध्येच ८५-९० डिग्री दाखवतो आणि विंडोजमध्ये गेम लावला की दोन मिनिटांत खटकन बंद होतो. फॅन तर फिरतोय. पेस्ट कमी पडली असेल का? की प्रोसेसरच खराब आलाय?"

प्रोसेसर खराब असण्याची शक्यता फार कमी आहे, तो परत करायची घाई करू नका. पेस्ट कमी पडली म्हणून एवढं तापमान सहसा चढत नाही. मला जवळजवळ खात्री आहे की कूलरची एक बाजू उचललेली आहे.

हा प्रोसेसर १०० डिग्रीला पोचला की आपला वेग स्वतःच कमी करतो. गेम अडखळतो, पण पीसी चालू राहतो. वेग उतरवूनही तापमान चढतच राहिलं तरच शेवटचा उपाय म्हणून बोर्ड वीज तोडतो. म्हणजे तुमच्याकडे उष्णता थोडी कमी बाहेर पडतेय असं नाही, ती कूलरपर्यंत जातच नाहीये. बायोसमध्ये प्रोसेसरला फारसं काम नसतं. आपल्याकडच्या उकाड्यात, खोली ३१-३२ डिग्रीला असली तरी तिथे ४५ ते ५५ दिसायला हवं. ८५ हा आकडा हवामानाचा नाही.

काही उघडण्याआधी एक गोष्ट करून बघा. तापमान दाखवणारा HWiNFO64 हा प्रोग्राम उघडून त्यात CPU Package हा आकडा समोर ठेवा आणि एखादं जड काम सुरू करा. आकडा एक-दोन सेकंदांत ९५ च्या वर उडाला आणि काम थांबवताच तसाच धाडकन खाली आला, तर प्रोसेसर आणि कूलर नीट चिकटलेले नाहीत. तेच तापमान पाच-दहा मिनिटांत सावकाश चढलं, तर कूलर आपलं काम करतोय पण हवा खेळत नाहीये. कूलरचा धातू जड असतो, त्याला तापायला वेळ लागतो. प्रोसेसरचा इवलासा तुकडा मात्र क्षणात तापतो. म्हणून तापमान किती चढलं यापेक्षा ते किती वेळात चढलं यावरून जास्त कळतं.

दुसरी खूण हाताने कळते. पीसी तापून बंद पडला की लगेच मागचा स्विच बंद करा, फॅन थांबू द्या आणि कूलरच्या धातूच्या पात्यांना बोट लावा. स्क्रीनवर ९० आणि पाती कोमट, असं असेल तर निदान झालंच. पाती चटका देण्याइतकी गरम असतील तर फॅनकडे आणि कॅबिनेटच्या हवेकडे बघा. आमच्याकडे बरेच जण कॅबिनेट लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवतात, तिथे अशीच पाती तापतात.

गेल्या वर्षी चवथीच्या आधी माझ्या भाच्याने डिचोलीत अगदी हाच प्रोसेसर आणि हाच कूलर जोडला होता. बायोसमध्ये ८८, आणि विंडोज सुरू होताना बंद. त्याने दोनदा पेस्ट बदलली होती. मी गेलो तेव्हा पात्यांना बोट लावलं, ती गारच होती. मग कॅबिनेटची मागची पत्र्याची बाजू काढली. तिथे प्रोसेसरच्या पाठीमागे बहुतेक कॅबिनेटना चौकोनी खिडकी असते. त्या खिडकीतून कूलरच्या चार खुंट्यांची टोकं दिसतात. दोन टोकं पूर्ण बाहेर येऊन फाकली होती आणि त्यांच्या मधोमध कांडी घुसलेली होती. उरलेल्या दोन खुंट्या भोकात नुसत्या टेकल्या होत्या, फाकल्याच नव्हत्या. पुढून बघितलं तर चारही सारख्याच बसल्यासारख्या वाटत होत्या, म्हणून त्याला शंकाही आली नाही.

हे होतं कसं, तर खुंटीच्या टोपीवर बाण कोरलेला असतो. जोडताना त्या दिशेने फिरवायचं असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच गडबड होते. तो बाण सोडवण्याची दिशा दाखवतो. बसवण्याआधी चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेने, अडेपर्यंत फिरवून ठेवायच्या. टोपी बाणाच्या दिशेने वळलेली असेल तर खुंटी दाबली जाते पण अडकत नाही, आणि हात काढला की हळूच वर येते.

कॅबिनेट आडवं झोपवा. उभ्या कॅबिनेटमध्ये कूलर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. चारही खुंट्या भोकांवर टेकवा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन एकदम दाबा, दोन्ही हातांचे अंगठे लावून. टक असा आवाज आला पाहिजे. मग उरलेल्या दोन. एकाच बाजूच्या दोन आधी दाबल्या तर कूलर तिकडे कलतो आणि पलीकडच्या दोन भोकात पुरत्या उतरत नाहीत. भाच्याचं हेच झालं होतं. बोर्ड थोडा वाकतो, त्याने घाबरायचं नाही, तेवढा जोर लागतोच. शेवटी मागच्या खिडकीतून चारही टोकं परत बघा, आणि पुढून कूलर हलकेच फिरवून बघा. तो जराही डुलता कामा नये.

घरात जुना कूलर पडलाय म्हणून तो लावला असेल, तर तेही तपासा. तुमच्या सॉकेटला, म्हणजे एलजीए १७०० ला, भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर आहे. त्याआधीच्या ११५१ आणि १२०० ला ते ७५ होतं. शिवाय नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरचा माथाही थोडा खाली बसतो. जुना कूलर ओढूनताणून बसवला तरी दाब येत नाही.

आता पेस्ट. कूलर काढल्यावर ती पुसायच्या आधी दोन्ही बाजू नीट बघा, कारण सगळा पुरावा तिथेच असतो. नीट दाब असेल तर पेस्ट सगळीकडे पातळ पसरलेली असते, मध्यभागी इतकी पातळ की खालचा धातू जवळजवळ दिसतो. भाच्याच्या कूलरवर एका बाजूला पेस्ट दाबली गेली होती. दुसऱ्या बाजूला मात्र त्याने सोडलेल्या थेंबाची गोल कडा जशीच्या तशी उभी होती, तिला प्रोसेसर शिवलाच नव्हता. असा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ ठसा दिसला की कूलर तिरका आहे हे नक्की. सगळीकडे सारखीच जाड असेल तर चारही खुंट्या ढिल्या आहेत. आणि कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दिसली तर ती काढायची राहिलीय. हेही मी पाहिलंय.

लोक पेस्टला फार महत्त्व देतात, म्हणून एवढं सांगतो. तांब्यातून उष्णता जाण्याचं माप ४०० च्या आसपास, चांगल्या पेस्टचं ५ ते १०, आणि हवेचं ०.०३ सुद्धा नाही. पेस्ट धातूपेक्षा कितीतरी वाईट पण हवेपेक्षा कितीतरी चांगली. तिचं काम दोन धातूंमधल्या बारीक खाचांतली हवा बाहेर काढणं एवढंच. म्हणून दाब नसताना जास्त पेस्ट भरली तर फट बुजल्यासारखी वाटते, पण तापमान फारसं उतरत नाही.

एकदा उचललेला कूलर त्याच पेस्टवर परत ठेवू नका, मध्ये हवा अडकते. कारखान्यातून लागून आलेली पेस्टही एकदाच कामाची. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून दोन्ही बाजू स्वच्छ पुसा, सुकू द्या. नेल पॉलिश रिमूव्हर वापरू नका. हा प्रोसेसर चौकोनी नाही, लांबट आहे, म्हणून मधोमध थेंब टाकण्यापेक्षा लांब बाजूने बारीक रेघ ओढा, दोन्ही टोकांना थोडी जागा सोडून. बोटाने पसरवायची गरज नाही, कूलरचा दाब ते काम करतो. थोडी बाहेर आली तरी चालेल.

फॅन फिरतोय असं तुम्ही लिहिलंय, पण त्याची वायर कुठे लावलीय ते सांगितलेलं नाही. बोर्डवर CPU_FAN असं छापलेल्या चार पिनांवरच ती हवी. SYS_FAN किंवा CHA_FAN वर लावली तर फॅन फिरतो, पण काही बोर्डांवर त्याचा वेग बोर्डाच्या तापमानावर ठरतो. बोर्ड ४० डिग्रीवर निवांत असतो, त्यामुळे प्रोसेसर उकळत असताना फॅन सावकाश फिरत राहतो. सुरू होताना CPU Fan Error दिसलं असेल आणि कोणीतरी बायोसमध्ये ती सूचना Ignore करून टाकली असेल, तर ती परत चालू करा. बायोसमध्ये CPU Fan च्या पुढे शून्य किंवा N/A दिसत असेल तर वायर चुकीच्या जागी आहे. आणि तीच वायर फॅनच्या पात्यांना घासत नाहीये ना, तेही बघून घ्या. या कूलरची वायर मोकळी सोडली की सरळ फॅनमध्ये जाते.

भाच्याच्या पीसीवर दोन खुंट्या नीट बसवल्या आणि नवी पेस्ट लावली. त्यानंतर बायोसमध्ये ४६ दिसलं. विंडोजमध्ये सगळे कोअर दहा मिनिटं राबवल्यावर तापमान ८३ वर थांबलं, खोली ३१ डिग्रीला होती. हा कूलर लहान आहे, पूर्ण ताकदीने चालवलं की हा प्रोसेसर ११७ वॉटपर्यंत जातो, त्यामुळे ८० च्या घरातला आकडा आला तर तो बिघाड समजू नका. साध्या गेममध्ये तुम्हाला ६० ते ७५ दिसायला हवं.

एवढं करूनही पीसी बंद पडला, आणि बंद पडण्याच्या क्षणी CPU Package ७० च्या आसपासच होता, तर कूलरचा नाद सोडा. मग एसएमपीएस आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची वीजवायर नीट खोचलीय का ते तपासा. विंडोजच्या नोंदींत दिसणारा Kernel-Power 41 फक्त वीज अचानक गेली एवढंच सांगतो, का गेली ते नाही. आधी मागची बाजू उघडून खुंट्यांच्या चार टोकांचा फोटो काढा आणि इथे टाका, मी बघून सांगतो.