कॅसिनो तरले: एका श्लेषाच्या मथळ्याबद्दल

प्रिय बाय,

सरावाच्या कागदावरचे तुझे मथळे वाचले. बातमी मी रचलेली होती, पण पणजीत राहणाऱ्याला ती ओळखीची वाटावी अशीच रचली होती. मांडवीतले कॅसिनो हलवा, असा खासगी ठराव शुक्रवारी विधानसभेत आला, चर्चा झाली, मतदान झालं, ठराव फेटाळला गेला. इंग्रजी मथळा होता ‘हाऊस विन्स, अगेन’. त्यावर तू तीन मथळे दिलेस: ‘सभागृह पुन्हा जिंकले’, ‘हाऊसची हौस पुन्हा फिटली’ आणि ‘कॅसिनोंनी मारली बाजी’. तिन्ही अडतात, पण प्रत्येक वेगळ्या ठिकाणी अडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यात विधानसभा तेवढी उरली आणि जुगार गळाला. शिवाय ‘सभागृह जिंकले’ म्हणजे नेमकं काय झालं, हे कोणालाच कळणार नाही. सभागृहाविरुद्ध कोण लढलं होतं? दुसऱ्यात तू आवाजावर खेळलीस. हाऊस आणि हौस हे कानाला जवळचे शब्द आहेत, पण इंग्रजी मथळ्यातली गंमत आवाजात नाही, अर्थात आहे. आणि हौस फिटली म्हटलं की वाचक विचारणार, कोणाची? आमदारांची? असं बातमीत कुठेच नाही. तिसरा मथळा बराच जवळ पोचला होता. पण ‘बाजी मारणे’ आपण लोकांनीच इतकं झिजवलंय, की दहावीच्या निकालात मुली बाजी मारतात, पंचायतीत अपक्ष बाजी मारतात, भजन स्पर्धेत फोंड्याचं पथक बाजी मारतं. आता त्या शब्दात पट दिसत नाही, पत्ते दिसत नाहीत. श्लेषाला दोन्ही अर्थ जिवंत लागतात. एक मेलेला असेल तर उरतो तो साधा वाक्प्रचार.

आता मूळ मथळा उलगडून बघू. ‘हाऊस’चा एक अर्थ सभागृह, तो तुला माहीत होता. दुसरा अर्थ तू कोशात ‘जुगारगृहाचा मालक’ असा वाचलास आणि तिथेच थांबलीस. मालक नेहमी जिंकतो, असं इंग्रजीत का म्हणतात, ते बघायला हवं होतं. एक शून्य असलेल्या रुलेटच्या चाकावर 37 घरं असतात. एका आकड्यावर लावलेला रुपया लागला तर वर 35 रुपये मिळतात. हिशेब चोख असता तर 36 मिळायला हवे होते. हा जो एक रुपया कमी मिळतो, त्यातून लावलेल्या दर 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोकडे राहतात. एखादा खेळणारा एका रात्रीत मालामाल होऊन बोटीवरून उतरेलही, पण महिन्याच्या हिशेबात पारडं कुठे झुकणार, हे चाक फिरण्याआधीच ठरलेलं असतं. यात लबाडी नाही, गणित आहे.

म्हणजे ‘हाऊस विन्स, अगेन’ तीन गोष्टी एका दमात सांगतो: ठराव पडला, फायदा कॅसिनोंचा झाला, आणि हे होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. त्यातली पहिली बातमी, दुसरी परिणाम, तिसरी टोमणा. भाषांतराला बसण्याआधी असं कागदावर साध्या मराठीत लिहून काढ. मग स्वतःला विचार, यातलं काय गेलं तर चालणार नाही? बातमी जाऊन चालणार नाही. टोमणा जाऊ शकतो. ‘हाऊस’ हा शब्द तर जाणारच आहे, त्याचा शोक करू नकोस.

नवीन मुलं इथे एक चूक हमखास करतात. इंग्रजीत ज्या शब्दावर कोटी आहे, त्याच शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत बसतात. सभागृह आणि जुगाराचा अड्डा या दोन्ही अर्थांचा एक मराठी शब्द नाही, आणि दिवसभर कोश चाळलास तरी सापडायचा नाही. शब्द सोड आणि बातमीतल्या वस्तूंकडे बघ. काय काय आहे इथे? आमदार, ठराव, मतदान, पत्ते, फासे, नदी, बोटी. मराठीतले दुहेरी शब्द यांच्यातूनच निघतील. पत्त्यांकडून गेलीस तर ‘हुकूम’ भेटतो, आज्ञा आणि हुकुमाचं पान. ‘डाव’ भेटतो. ‘पत्ता’ तर आयता आहे, ठावठिकाणाही आणि खेळायचं पानही. कॅसिनोंना नवी जागा मिळेना अशी बातमी असेल तेव्हा ‘कॅसिनोंचा पत्ता बदलेना’ बिनधास्त लाव. आज ते चालणार नाही, कारण आजची बातमी जागेच्या शोधाची नाही, ठराव पडल्याची आहे.

नदीकडून गेलीस तर ‘तरणे’ भेटतो. पाण्यावर राहणं आणि संकटातून वाचणं. माझा मथळा असा होईल:

मांडवीतले कॅसिनो पुन्हा तरले

खाली उपमथळा: ‘हटवण्याचा खासगी ठराव विधानसभेत फेटाळला’.

ज्याला कोटी दिसली नाही, त्यालाही बातमी पूर्ण कळते: कॅसिनो वाचले. ज्याला दिसली, त्याच्या डोळ्यांपुढे बोटी येतात, आणि ते दोन्ही खरं आहे. बोटी इथे सजावटीला आलेल्या नाहीत. गोव्यात टेबलावरच्या खेळांना परवानगी मिळाली ती 1976 च्या जुगार कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीने, आणि ती जहाजांपुरती. कॅसिनो पाण्यावर आहेत ते कायद्यामुळे. त्यामुळे ‘तरले’ हा शब्द विषयाच्या पोटातून आलाय. आपल्या वाचकाला तो आणखी जवळचा, कारण घरात कोंकणी बोलताना तारू आणि तारवटी हे शब्द त्याच्या कानावर असतातच. पुण्याच्या वाचकाला कदाचित एक क्षण जास्त लागेल. लागू दे.

श्लेषाचा मथळा झाला की तो दोनदा वाचायचा. एकदा फक्त सरळ अर्थाने, बातमी कळते का ते बघायला. मग फक्त आडव्या अर्थाने, त्यातून काही खोटं किंवा न म्हणायचं निघतं का ते बघायला. दुसरं वाचन लोक टाळतात आणि तिथेच फसतात. ‘डाव’ घे. ‘विधानसभेत डाव कॅसिनोंचाच’ हा मथळा मला मोहात पाडतो. पत्ते आहेत, सभागृह आहे, टोमणाही मुळासारखा तिखट. पण मराठीत डाव म्हणजे कारस्थानही. आडव्या अर्थाने वाचलं तर आमदारांनी कॅसिनोंशी संगनमत केलं, असं आपण पहिल्या पानावर छापतोय, आणि बातमीत त्याला तसूभर आधार नाही. इंग्रजी ‘हाऊस’ गणिताकडे बोट दाखवून सुटतो, आपला ‘डाव’ थेट माणसांवर जातो. कोटी करताना आरोपाचं वजन असं नकळत वाढतं. वकिलाची नोटीस आली की ‘आमचा अर्थ दुसरा होता’ हे म्हणायला फार वाईट वाटतं, कारण दोन अर्थ आहेत हे आपणच मिरवलेलं असतं.

टोमणा हवाच असेल तर तो अग्रलेखात जाऊ दे. तिथे ‘ठरावाचे ठरलेलेच होते’ असं काहीसं चालेल. हा काटेकोर अर्थाने श्लेष नाही, एकाच धातूच्या दोन रूपांचा खेळ आहे, पण निकाल आधीच ठाऊक होता हा रुलेटच्या चाकातला मुद्दा त्यात बरोबर उतरतो, आणि कोणावर आळ येत नाही.

आता मराठीचीच एक अडचण, जी इंग्रजीतून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपल्या नामांना लिंग आहे आणि क्रियापद ते बोलून दाखवतं. फुलांचा हार पुल्लिंगी, पराभवाची हार स्त्रीलिंगी. ‘उमेदवाराने हार घातला’ म्हटलंस की फुलंच उरली, ‘हार पत्करली’ म्हटलंस की पराभवच उरला. दोन्ही अर्थ एकत्र ठेवायचे तर क्रियापद आणि विशेषण दोन्ही टाळावी लागतात: ‘निकालाआधीच गळ्यात हार’. लिंगाचा माग लागेल असा एकही शब्द त्यात नाही. ‘तरले’मध्ये ही कटकट येत नाही, कारण श्लेष क्रियापदातच आहे. म्हणून मी नामावर अडलो की आधी क्रियापदांकडे वळतो: बुडणे, चढणे, उतरणे, लागणे, सुटणे, फुटणे. मराठीतली निम्मी गंमत या साध्या क्रियापदांत साठलेली आहे.

आणि कृपा करून ‘तरले’ला अवतरणचिन्हं लावू नकोस. आपल्या पेपरांत ही खोड फार आहे, कोटी केली की शब्दाभोवती दोन टिकल्या. म्हणजे वाचकाला कोपराने ढोसून सांगणं, बघ हं, विनोद केलाय. टिकल्यांशिवाय कळत नसेल तर डेस्कवर शेजारी बसलेल्याला मथळा मोठ्याने वाचून दाखव, काही न समजावता. तो ‘म्हणजे?’ म्हणाला तर साधा मथळा लाव. ‘मांडवीतले’ हा शब्दही जागा नाही म्हणून कापू नकोस. मोबाइलवर मथळा एकटाच फिरतो, फोटो आणि उपमथळा मागे राहतात, आणि नदीचं नाव गेलं की पाणी गेलं, मग ‘तरले’ नुसतं ‘वाचले’ होतं.

दुसऱ्या कागदावरचा ‘माइन, नॉट युअर्स’ तू कोरा सोडलास आणि खाली माफी लिहिलीस. माफी कशाला? माझे आणि खाण हे मराठीत एका शब्दात येत नाहीत. ‘खाण’ आणि ‘खाणे’ जोडून काही करता येईल, मलाही दोन-तीन सुचले. पण ती बातमी डिचोली तालुक्यातल्या ज्या लोकांची आहे, त्यांची घरं आणि देवळं खाणपट्ट्याच्या रेषेच्या आत आली आहेत. इंग्रजीतली कोटी त्यांच्या बाजूने बोलते, म्हणून तिथे शोभते. आपली ‘खाणे’वरची कोटी त्यांच्याबद्दल काहीच बोलत नाही, फक्त आपण हुशार आहोत एवढं सांगते. तिथे ‘घरे, देवळे खाणपट्ट्यातून वगळा’ एवढंच लिही आणि खाली गावाचं नाव घाल.

‘हुकूम’ मात्र अजून वापरायचा राहिलाय. लिलाव, परवाने, मुदतवाढ यांच्या बातम्या येतच असतात, त्यातली एखादी घेऊन त्यावर मथळा कर आणि सोमवारी पाठव. आधी ते साधं मराठी कागदावर लिहिलेलं मला दिसू दे, मग मथळा.

तुझा,
सर