फोटोकॉपीची तारीख गेल्यावर उत्तरपत्रिका बघता येते का?

प्रश्न: "जुलैत रिझल्ट लागला, एका विषयात नापास झाले. फोटोकॉपीच्या फॉर्मची डेट निघून गेली. आता नोव्हेंबर आहे. युनिव्हर्सिटी पेपर किती दिवस ठेवते आणि आरटीआय टाकून बघायला मिळेल का?"

हो मिळेल, पण पेपर अजून त्यांच्याकडे असेल तरच, म्हणून आधी या आठवड्यात अर्ज टाका आणि मग बाकीचं वाचा.

सगळ्या विद्यापीठांना एकच मुदत नाहीये. प्रत्येकाचा स्वतःचा नियम असतो की रिझल्टनंतर उत्तरपत्रिका इतके महिने ठेवायच्या आणि मग नष्ट करायच्या. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या केसमध्ये सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि विद्यार्थ्याला ती बघायचा, तिची प्रत घ्यायचा हक्क आहे. पण त्याच निकालात हेही आहे की आरटीआय आहे म्हणून पेपर नियमापेक्षा जास्त दिवस सांभाळायची सक्ती नाही, मुदत संपल्यावर अर्ज आला तर 'उपलब्ध नाही' म्हणून नाकारता येतो. सीबीएसईची मुदत तेव्हा फक्त ३ महिने होती! आता समजा तुमच्या विद्यापीठाची ६ महिने आहे आणि रिझल्ट १२ जुलैचा, तर १२ जानेवारीपर्यंत पेपर असायला हवा. तुम्ही २० नोव्हेंबरला अर्ज दिलात तर ३० दिवसांत म्हणजे २० डिसेंबरपर्यंत उत्तर यायला पाहिजे, हातात वेळ राहतो. हेच ३ महिने असेल तर ऑक्टोबरमध्येच संपली. म्हणून म्हणतोय की थांबू नका.

फोटोकॉपीची डेट गेली म्हणून काउंटरवर "आता काही होणार नाही" असं सांगतात, तिथून मुलं परत जातात, मला याचा खरंच राग येतो. ती तारीख विद्यापीठाच्या स्वतःच्या स्कीमची असते, आरटीआयचा रस्ता वेगळा आहे.

महाराष्ट्रात 'जोडपत्र अ' च्या नमुन्यात अर्ज करायचा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. कारण लिहायची गरज नाही, कायद्याने ते विचारताच येत नाही. मी ओळखीतल्या मुलांना मजकूर साधारण असा लिहून देतो:

"माझा सीट नंबर ___, परीक्षा ___, विषय ___. (१) माझ्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची पुरवण्यांसह पाहणी करू द्यावी व साक्षांकित प्रत द्यावी, स्कॅन प्रत असल्यास तीही. (२) उत्तरपत्रिका जतन करण्याच्या मुदतीच्या नियमाची प्रत द्यावी. (३) उत्तरपत्रिका नष्ट केली असल्यास त्याचा आदेश व नोंदीची प्रत द्यावी. हा अर्ज व त्यावरील अपील निकाली निघेपर्यंत उत्तरपत्रिका नष्ट करू नये."

तिसरा मुद्दा अजिबात गाळू नका, कारण नुसतं "रेकॉर्ड उपलब्ध नाही" एवढं एका ओळीचं उत्तर बऱ्याचदा येतं आणि नष्ट केल्याची तारीख कागदावर मागितली की मग कपाट उघडून खरंच बघावं लागतं. स्कॅनचं यासाठी लिहिलं की मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी २०१७ पासून पेपर स्कॅन करून स्क्रीनवर तपासतात, कागद गेला तरी इमेज असू शकते. आणि पेपर कॉलेज लेव्हलला तपासला असेल तर तो कॉलेजकडेच असतो, अर्ज तिकडे करा.

प्रत २ रुपये पान. परीक्षक आणि मॉडरेटरचं नाव-सही झाकून देतात, ते बरोबर आहे, कोर्टानेच तशी मुभा दिलीये. उत्तर नाही आलं किंवा नाकारलं तर ३० दिवसांत त्याच विद्यापीठात पहिलं अपील (२० रुपयांचा स्टॅम्प), तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगात मात्र खूप वेळ जातो हे धरून चाला.

पेपर हातात आला की उत्तरं कशी लिहिलीत ते नंतर बघा, आधी प्रत्येक प्रश्नाचे आतले मार्क आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यातले मार्क जुळवा, आणि पुरवणीतल्या प्रत्येक उत्तरावर मार्क पडलाय का बघा. माझ्या मावसभावाच्या पुरवणीतलं एक अख्खं उत्तर तपासलंच नव्हतं, वरच्या तक्त्यात त्या प्रश्नाची चौकट रिकामी होती! अशी चूक दिसली तर प्रत जोडून परीक्षा विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. पण "मला ४ च्या जागी ६ द्यायला हवे होते" यासाठी आरटीआयचा उपयोग नाही, त्याने फक्त पेपर दिसतो, रिव्हॅल्युएशनचा हक्क मिळत नाही, तो विद्यापीठाच्या नियमांवर आणि त्यांच्या मुदतीवरच चालतो.