रिटर्न नाकारल्याचा मेसेज आणि पुढची तक्रार: ऑर्डरचे कागद नीट वाचा

प्रश्न: मी निपाणीची. ऑनलाइन ७५० वॅटचा मिक्सर मागवला, ३,२४९ रुपये भरले. ३ तारखेला आला, पण खालच्या स्टिकरवर ५०० वॅट लिहिलंय. त्याच दिवशी रिटर्न टाकला. ६ तारखेला न्यायला आलेला मुलगा "नंबर जुळत नाही" म्हणून तसाच गेला. मग रिटर्न नाकारल्याचा मेसेज आला. १२ तारखेला पुन्हा रिटर्न टाकला तर मुदत संपली म्हणतात. विक्रेता भिवंडीचा आहे. आता कुणाकडे जाऊ?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो. आता तिसऱ्यांदा रिटर्न टाकू नका. तुमच्याकडे दोन मेसेज आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. ते साधारण असे असणार:

```
Return rejected: Product mismatch found during pickup verification
Return window closed
```

दुसरा मेसेज माणसाने लिहिलेला नाही. सात दिवसांची मुदत १० तारखेला संपली, तुम्ही १२ला नवीन विनंती टाकली, म्हणून यंत्राने ती आपोआप फेटाळली. तुम्ही जितक्या नवीन विनंत्या टाकाल तितक्या अशाच फेटाळल्या जातील, आणि उद्या तुमचं खातं उघडणाऱ्या माणसाला सगळ्यात वर "मुदत संपली" एवढंच दिसेल. तुमची खरी विनंती ३ तारखेची आहे आणि ती मुदतीतली आहे. तिचा रिटर्न नंबर शोधून ठेवा आणि इथून पुढे प्रत्येक ठिकाणी तोच लिहा.

आता पहिला मेसेज. तो वाचून लोकांना वाटतं, वस्तू चुकीची आहे हे दुकानाने मान्य केलं. तसं नाही. न्यायला येणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर तुमच्या ऑर्डरचा मॉडेल नंबर आणि काही वस्तूंचा सिरियल नंबर येतो. तो ते वस्तूशी ताडून बघतो, आणि जुळलं नाही की त्याला एकच पर्याय दाबता येतो. म्हणजे दुकानाच्या नोंदीत त्याचा अर्थ असा लागतो की, आम्ही बरोबर वस्तू पाठवली, गिऱ्हाईक दुसरीच परत देतंय. तुमच्यावर अदलाबदलीचा संशय आहे, तो मेसेजमध्ये उघड लिहिलेला नाही इतकंच. म्हणून "मिक्सर परत घ्या, मला नको" असं कितीही वेळा चॅटवर लिहिलं तरी काम पुढे सरकणार नाही. "चुकीची वस्तू डिलिव्हरीच्या वेळीच आली होती" हे तुम्हाला दाखवून द्यायचं आहे.

ते दाखवायचं कसं? खोका उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तमच. नसला तरी हात टेकू नका. मिक्सर उलटा करा आणि स्टिकरचा जवळून फोटो काढा, वॅट, मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर तिन्ही वाचता आले पाहिजेत. मग कंपनीच्या खोक्यावरच्या छापील पट्टीचा फोटो काढा. तिच्यावर ७५० वॅट आणि वेगळा सिरियल नंबर असेल, तर खोका एकाचा आणि मिक्सर दुसऱ्याचा, हे त्या दोन फोटोंतच दिसतं. बाहेरचा कुरियरचा खोका अजून टाकला नसेल तर त्याच्यावरच्या लेबलचाही फोटो घ्या. त्याच्यावर AWB नंबर, म्हणजे कुरियरचा पार्सल नंबर असतो, हे पार्सल त्याच ऑर्डरचं हे त्यावरून जोडता येतं. आणि ३ तारखेची रिटर्न विनंती हाही पुरावाच आहे. वस्तू हातात पडली त्याच दिवशी तुम्ही हरकत घेतली आहे.

एक गोष्ट सहसा कुणाला सुचत नाही. मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि एवढंच विचारा की, हा सिरियल नंबर तुमच्या कोणत्या मॉडेलचा आहे? भांडण सांगू नका, फक्त विचारा. "हा नंबर आमच्या ५०० वॅटच्या मॉडेलचा" असं लेखी उत्तर आलं तर ते तिऱ्हाइताचं बोलणं ठरतं, आणि तुमच्या फोटोंपेक्षा त्याला जास्त वजन येतं.

आता भिवंडीचं बघू. माझं बेळगावच्या शहापुरात भांड्यांचं दुकान आहे, जीएसटीची बिलं रोज हाताखालून जातात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. अ‍ॅपमधून Invoice डाउनलोड करा. त्यात Sold by च्या पुढे जे नाव आहे तो तुमचा विक्रेता. मिक्सरची कंपनी वेगळी, अ‍ॅपवालं दुकान वेगळं आणि हा विक्रेता वेगळा, तिघांची गल्लत करू नका. नावाखाली १५ अक्षरांचा GSTIN असतो. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे. २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ म्हणजे आपलं कर्नाटक. तुमच्या बिलावर २७ असेल, आणि माल एका राज्यातून दुसऱ्यात आला म्हणून कर IGST लावलेला असेल.

पण २७ आहे म्हणून विक्रेता महाराष्ट्रातलाच, असं धरून चालू नका. ज्या ज्या राज्यातल्या गोदामात माल ठेवायचा, तिथे विक्रेत्याला जीएसटीची वेगळी नोंदणी लागते. दिल्लीचा किंवा सुरतेचा माणूस भिवंडीच्या गोदामातून विकतो आणि बिलावर त्या गोदामाचाच पत्ता छापून येतो. मी स्वतः यात फसलोय. दोन वर्षांपूर्वी आईसाठी मागवलेल्या कुकरचं झाकण दुसऱ्याच मापाचं आलं. बिलावरच्या पत्त्यावर मी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, आणि ती तीन आठवड्यांनी जशीच्या तशी परत आली. त्या पत्त्यावर शेकडो विक्रेत्यांचा माल ठेवणारं मोठं गोदाम होतं, माझ्या विक्रेत्याच्या नावाने पत्र घेणारं तिथे कुणीच नव्हतं. त्यात माझा महिना वाया गेला, आणि तसं तुमचं होऊ नये असं मनापासून वाटतं.

यावर इलाज कायद्यातच आहे. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यातल्या नियम ५ प्रमाणे खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितलं, तर विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा आणि शाखांचा पत्ता, ईमेल आणि संपर्कासाठी लागणारी बाकीची माहिती अ‍ॅपवाल्या दुकानाला द्यावी लागते. न मागता ते देत नाहीत. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच ईमेलात ही मागणी घाला.

तो ईमेल चॅटवाल्यांना नाही, Grievance Officer ला पाठवायचा. त्यांचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं त्याच नियमांनी बंधनकारक आहे, बहुतेक वेळा अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. तिथूनच घ्या. गुगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधून फोन करू नका, तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात आणि रिफंड देतो म्हणून ते ओटीपी मागतात. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती निकाली काढायची असते.

मजकूर असा ठेवा, इंग्रजीत कुणाकडून तरी करून घ्या:

"ऑर्डर नंबर अमुक, बिल नंबर अमुक, AWB अमुक, विक्रेता अमुक, GSTIN अमुक. ७५० वॅटचा मिक्सर मागवला, ३ तारखेला ५०० वॅटचा मिळाला. त्याच दिवशी रिटर्न नंबर अमुक टाकला, तो मुदतीत आहे. ६ तारखेला नंबर जुळत नाही म्हणून वस्तू नेली नाही. वस्तू जाहिरातीप्रमाणे नसल्यामुळे नियम ६ नुसार विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. ३,२४९ रुपये परत करावेत. ६ तारखेला तुमच्या माणसाने काढलेले फोटो आणि लिहिलेला शेरा पाठवावा. नियम ५ नुसार विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि ईमेल द्यावा."

एवढंच. रागाचं, मनस्तापाचं काही लिहू नका. नियम ६ चा उल्लेख मात्र गाळू नका, कारण तिथे प्रश्न दुकानाच्या सात दिवसांच्या धोरणाचा राहत नाही. सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं तो नियम सांगतो. (रंग आवडला नाही, विचार बदलला, अशा वेळी हा नियम उपयोगाचा नाही. तिथे दुकानाचं धोरणच चालतं.)

पोच आली नाही किंवा "नियमानुसार रिटर्न शक्य नाही" असं तेच उत्तर पुन्हा आलं, तर १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येतं. consumerhelpline.gov.in वरही नोंदवता येते, तिथे कागद जोडता येतात म्हणून मला तीच वाट बरी वाटते. राज्य विचारतील तिथे कर्नाटक निवडा. मराठी बोलतो आणि विक्रेता भिवंडीचा म्हणून आपल्याकडचे बरेच जण महाराष्ट्र निवडतात. राज्य तुमच्या पत्त्याचं द्यायचं असतं. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही, पण माझं कुकरचं काम इथेच झालं, नोंदवल्यावर अकराव्या दिवशी पैसे आले.

तरीही नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी बेळगाव. भिवंडीला जायचं कारण नाही. आपल्याकडे बरेच जण पार्सल कागल-कोल्हापूरच्या नातेवाइकाकडे मागवतात, त्यांनाही हे लागू आहे. पार्सल कुठेही उतरलेलं असो, राहणं निपाणीचं असेल तर तक्रार बेळगावात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते. विरुद्ध बाजू म्हणून विक्रेता आणि अ‍ॅपवालं दुकान दोघांचीही नावं घाला. एकाचंच घातलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तोवर मिक्सर वापरू नका. एकदा जरी चटणी वाटली तरी "वापरलेली वस्तू" हे नवीन कारण त्यांच्या हातात मिळेल. भांडी, खोका, थर्माकोल सगळं एकत्र बांधून ठेवा. स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि खोक्यावरचा मॉडेल नंबर इथे टाका, म्हणजे कंपनीला ईमेलात नेमकं काय विचारायचं ते मी लिहून देतो. सिरियल नंबर, ऑर्डर नंबर आणि तुमचा पत्ता मात्र इथे टाकू नका.